पेपर पुढे गेला, शिफ्ट कुणाची?

पुण्यात कर्वे रस्त्याच्या किंवा फर्ग्युसन रस्त्याच्या आसपास कुठल्याही कॅफेत संध्याकाळी काउंटरच्या पलीकडे बघा. बिल करणारी मुलगी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला असते, मशीनवरचा मुलगा इंजिनिअरिंगला, आणि टेबलं पुसणारा नुकताच लातूरहून आलेला असतो. दिवाळीच्या आगेमागे हे सगळे एकदम गायब होतात. नेमक्या त्याच दिवसांत कॅफे भरलेला असतो, कारण गिऱ्हाईकही विद्यार्थीच असतं. एक कोल्ड कॉफी, एक चार्जिंग पॉइंट आणि चार तासांचा अभ्यास. म्हणजे टेबल अडतं, बिल होत नाही आणि हाताखाली माणूस नसतं.

मालक याला ‘अचानक आलेली अडचण’ म्हणतात. मला ते पटत नाही. सत्राची परीक्षा हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा येते, हे जूनमध्येही ठाऊक असतं. ठाऊक नसते ती नेमकी तारीख. वेळापत्रक उशिरा लागतं, पेपर पुढे जातो. म्हणून हुशार मॅनेजर आधी तारखा मागत नाही, आठवडे मागतो. सत्र सुरू होताच प्रत्येकाकडून एक कागद भरून घेतो: कॉलेज कुठलं, सबमिशन साधारण कधी, प्रॅक्टिकल आणि ओरल कधी, थिअरी कधी, दिवाळीला गावी किती दिवस. सबमिशनचा आठवडा हमखास विसरला जातो. जर्नलवर सही मिळवण्यासाठी सरांच्या केबिनबाहेर उभं राहण्यात दिवस जातो, तेव्हा पोरं पेपरच्या काळापेक्षाही कमी मिळतात. आणि एक प्रश्न चारचौघांत विचारायचा नाही, तो बाजूला घेऊन: मागचे विषय राहिलेत का? बॅकलॉगचा पेपर वेगळ्याच दिवशी येतो. मुलं लाजेपोटी तो सांगत नाहीत आणि आदल्या रात्री ‘पोट बिघडलं’ असा मेसेज टाकतात.

आता एक हिशेब मांडून बघू. समजा, कायमची माणसं धरून उरलेल्या 28 शिफ्ट दर आठवड्याला विद्यार्थ्यांनी भरायच्या आहेत. मुलं सात, प्रत्येकाला चार, जमलं. यातली चौघं एकाच इंजिनिअरिंग कॉलेजची, त्यांची थिअरी तीन आठवडे चालणार. दोन पेपरांमध्ये तीन-चार दिवसांची सुट्टी असते, त्यामुळे विचारलं तर प्रत्येक जण आठवड्याला एक शिफ्ट देतो, चार झाल्या. उरलेले तिघं चाराऐवजी पाच घेतात, पंधरा झाल्या. एकूण 19. सोमवार ते शुक्रवार सकाळचा एक माणूस कमी करून मेन्यूतले दोन-तीन वेळखाऊ पदार्थ तेवढ्यापुरते बंद ठेवले, तर गरज 28 वरून 23 वर येते. चार शिफ्टची तूट राहते, ती मालक स्वतः उभा राहून किंवा मागच्या वर्षी पास झालेल्या जुन्या मुलाला बोलावून भागवतो.

कागदावर जमलं, पण इथे डोकी मोजली, हात मोजले नाहीत. सातांपैकी कॉफी मशीन येतं तिघांना, आणि त्यातले दोघं परीक्षेला बसलेत. कायमचा बरिस्ता दिवसा असतो, म्हणजे आठवड्याच्या सात संध्याकाळी मशीनवर विद्यार्थीच लागणार. उरलेला एकटा पाच संध्याकाळ करतो, परीक्षेवाले दोघं एकेक देतात. बरोबर सात! एकाला ताप आला किंवा एक पेपर पुढे गेला की त्या संध्याकाळी काउंटरवर तीन माणसं उभी, आणि कॅपुचिनो मात्र मिळत नाही.

म्हणून शिफ्टच्या तक्त्यात नुसतं नाव पुरत नाही. नावापुढे खूण लागते: बिलिंग येतं, मशीन येतं, क्लोजिंग येतं. चौथा माणूस मशीनवर तयार करायचा तो सप्टेंबरच्या आत, परीक्षेच्या तोंडावर नाही. त्यासाठी वेळ दुपारी तीन ते पाच, जेव्हा दुकान थंड असतं. अठरा ग्रॅम कॉफीतून पंचवीस-तीस सेकंदांत साधारण छत्तीस ग्रॅम एस्प्रेसो उतरायला हवी, एवढं एका दिवसात पाठ होतं. पण पावसाळी हवेत कॉफी वेगळी वागते, मग ग्राइंडर थोडा कुठे फिरवायचा, हे हाताला कळायला आठवडे जातात. दूध वाफवणं तसंच. सुरुवातीचा सराव पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून करतात. फेस बराचसा दुधासारखा येतो आणि दूध वाया जात नाही.

शिकणारा माणूस मोजणीत धरायचा नाही, ही यातली सगळ्यात जास्त मोडली जाणारी शिस्त. तीन माणसांच्या शिफ्टमध्ये एक शिकाऊ असेल तर प्रत्यक्षात दोनही नसतात, कारण शिकवणाऱ्याचं अर्धं लक्ष तिकडे. शिकाऊ चौथा असला पाहिजे, आणि त्या तासांचे पैसे त्याला मिळाले पाहिजेत. गर्दीच्या वेळी सलग पाच ऑर्डर त्याने एकट्याने काढल्या, रात्री मशीन धुऊन बंद केलं, की मगच खूण करायची. ‘येतं रे त्याला’ यावर नाही.

शिफ्टची अदलाबदल जास्त बिघडते ती व्हॉट्सअॅपवर. ‘उद्याची इव्हिनिंग कुणी घेईल का?’ खाली दोन अंगठे. पहिल्याला वाटतं दुसरा जाणार, दुसऱ्याला वाटतं पहिला. यावर उतारा साधा आहे: तक्त्यात नाव बदलेपर्यंत शिफ्ट मूळ माणसाचीच. मॅनेजर नाव बदलताना तीन गोष्टी बघतो. मशीनवाल्याच्या जागी मशीनवालाच येतोय ना? रात्री पावणेबाराला क्लोजिंग करून तोच सकाळी साडेसातला ओपनिंगला येत नाही ना? आणि क्लोजिंगला मुलगी येत असेल तर तिची स्वतःची संमती आहे का, घरी कशी जाणार? महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतरच्या कामासाठी स्त्रीची संमती आणि घरापर्यंत वाहनाची सोय सांगितली आहे. लहान कॅफे त्या कायद्याच्या कक्षेत येत नसला तरी माप हेच धरावं.

ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांना तर ही अदलाबदल फारच महाग पडू शकते. पदवी किंवा त्यावरच्या शिक्षणाच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना सोमवार ते रविवार या आठवड्यात 20 तासांपेक्षा जास्त काम चालत नाही. मैत्रीखातर घेतलेली एक शिफ्ट आकडा 24 वर नेते, आणि गोत्यात येतो तो घेणारा.

परीक्षेच्या तीन आठवड्यांत एकच मुलगा सगळ्यांच्या शिफ्ट घेताना दिसला तर मॅनेजर खूश होतो. मी तिथे थांबून बघेन. बहुतेक वेळा त्याला खोलीचं भाडं भरायचं असतं, आणि पेपर त्याचेही असतात. तो स्वतःहून नाही म्हणणार नाही. म्हणून परीक्षेच्या आठवड्यात एका विद्यार्थ्याला किती शिफ्ट, याची मर्यादा मालकाने आधीच लिहून ठेवावी, आणि पैशांची खरीच अडचण असेल तर पुढच्या महिन्याच्या पगारातून उचल द्यावी. शिफ्ट वाढवून देऊ नये.