यकृतात दबा धरून बसलेला मलेरिया

समजा, मुंबईत शिकणारा एक मुलगा ऑगस्टमध्ये तापाने आडवा झाला. आधी दात वाजवणारी हुडहुडी, मग अंग भाजून काढणारा ताप, शेवटी दरदरून घाम. दुसऱ्या दिवशी तो बराचसा ठीक, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रक्त तपासले तर व्हायवॅक्स मलेरिया निघाला. क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप उतरला. सप्टेंबरअखेर तो पुढच्या शिक्षणासाठी एडिनबराला गेला आणि एप्रिलमध्ये तिथल्या थंडीत त्याला पुन्हा तशीच हुडहुडी भरली. स्लाइडवर पुन्हा व्हायवॅक्स! स्कॉटलंडमध्ये मलेरिया पसरत नाही आणि मुंबईतला तो डास चावून आठ महिने उलटले होते. मधल्या काळात कधीही त्याचे रक्त पाहिले असते तर बहुधा एकही परजीवी सापडला नसता. मुलगा कल्पनेतला आहे, पण असे रुग्ण थंड देशांतल्या डॉक्टरांना नवे नाहीत. एस. वाय. बी.एस्सी.ला पाठ केलेले प्लाझ्मोडियमचे जीवनचक्र खरोखर समजले आहे का, हे या मुलाच्या एप्रिलच्या तापावरून तपासता येते.

डास चावला त्या क्षणापासून सुरुवात करू. मुंबईत हा डास म्हणजे बहुतेक वेळा ॲनोफिलीस स्टीफेन्सीची मादी. गच्चीवरच्या उघड्या टाक्या आणि बांधकामावर साचलेले पाणी ही तिची आवडती जागा. रक्त पिताना ती लाळेबरोबर काही स्पोरोझॉइट कातडीत सोडते. त्यांची संख्या फार नसते, बहुधा काही डझन. त्यातले बरेचसे कातडीतच अडकतात. उरलेले सरपटत केशवाहिनीत शिरतात आणि रक्तावाटे यकृतात पोहोचतात. तिथेही पहिल्याच पेशीत ते मुक्काम करत नाहीत. काही पेशी आरपार भेदून जातात आणि मग एका यकृतपेशीत ठाण मांडतात.

इथून पुढे व्हायवॅक्सची वाट फाल्सिपॅरमच्या वाटेपासून वेगळी होते. फाल्सिपॅरमचा स्पोरोझॉइट यकृतात गेला की तो वाढणार, एवढा एकच मार्ग त्याला असतो. व्हायवॅक्सच्या स्पोरोझॉइटपुढे दोन असतात. काही जण लगेच वाढू लागतात. केंद्रक पुन्हापुन्हा विभागून साधारण आठवडाभरात मोठा शायझॉन्ट तयार होतो आणि तो फुटला की सुमारे दहा हजार मेरोझॉइट रक्तात उतरतात. त्याच डासाने, त्याच क्षणी सोडलेले बाकीचे काही मात्र यकृतपेशीत शिरून गोल होतात आणि वाढ थांबवतात. हेच हिप्नोझॉइट. व्यास चार-पाच मायक्रॉन, केंद्रक एकच. तो मेलेला नसतो. चयापचय अगदी मंद ठेवून टिकून असतो. यकृतपेशीला तो फारसा त्रास देत नाही, त्यामुळे यकृताच्या नेहमीच्या चाचण्यांतही त्याचा मागमूस लागत नाही.

रक्तातला भाग तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून त्यातल्या दोनच गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे, व्हायवॅक्स कोणत्याही तांबड्या पेशीत शिरत नाही. त्याला अगदी कोवळ्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट लागतात आणि रक्तात त्यांचे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून व्हायवॅक्समध्ये परजीवींची संख्या फाल्सिपॅरमसारखी बेसुमार वाढत नाही. स्लाइडवर बाधित पेशी शेजारच्या पेशींपेक्षा मोठी दिसते, तिच्यावर शुफनरचे बारीक गुलाबी ठिपके असतात आणि आतला ट्रोफोझॉइट अमीबासारखा वेडावाकडा पसरलेला असतो. दर ४८ तासांनी या पेशी फुटतात, म्हणून ताप दिवसाआड येतो. दुसरी गोष्ट अशी की व्हायवॅक्सचे गोल गॅमेटोसाइट फार लवकर तयार होतात. रुग्ण डॉक्टरकडे जाईपर्यंत त्याच्याकडून डासाला लागण होऊनही गेलेली असू शकते. डासाच्या जठरात त्यांचे फलन होते, जठराच्या भिंतीवर उओसिस्ट वाढतो आणि मुंबईच्या उबदार हवेत साधारण दहा-बारा दिवसांत डासाच्या लाळग्रंथी स्पोरोझॉइटनी भरतात.

आता क्रमिक पुस्तकाकडे वळू. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या पुस्तकांत यकृताच्या भागात क्रिप्टोझॉइट, मेटाक्रिप्टोझॉइट, सूक्ष्म आणि स्थूल मेटाक्रिप्टोमेरोझॉइट अशी नावांची लांबलचक रांग असते. यकृतातून निघालेले मेरोझॉइट पुन्हा यकृतपेशींत शिरतात, तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहतात आणि ताप उलटतो तो त्यामुळे, असे ते सांगतात. ही कल्पना कुठून आली तेही समजण्यासारखे आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये उमेदीची वर्षे घालवलेले हेन्री शॉर्ट आणि त्यांचे सहकारी सिरिल गार्नहॅम यांनी १९४८ साली लंडनमध्ये आधी माकडाच्या आणि मग एका स्वयंसेवकाच्या यकृतात वाढणारा परजीवी दाखवला. त्याआधी जवळजवळ अर्धशतक, स्पोरोझॉइट थेट तांबड्या पेशीत शिरतो हे शाउडिनचे चुकीचे निरीक्षण प्रमाण मानले जात होते. यकृताचा टप्पा सापडल्यावर उलटणाऱ्या तापाचे कारणही तिथेच शोधले जाणार हे ओघानेच आले. यकृतात सतत चालणारे चक्र हे त्या वेळचे सर्वांत सोपे उत्तर होते.

पण या उत्तराला तडा देणारा पुरावा त्याआधीच जमा झाला होता. १९१७ साली व्हिएन्नामध्ये वॅग्नर-याउरेग यांनी सिफिलिसने मेंदू पोखरलेल्या रुग्णांना मुद्दाम व्हायवॅक्स मलेरिया देऊन पाहिला आणि या उपचारासाठी १९२७ साली त्यांना नोबेल मिळाले. क्विनीन देऊन मलेरिया आवरता येई. युरोपात हा उपचार पसरला तेव्हा काही ठिकाणी मलेरियाच्या रुग्णाचे रक्त टोचत, तर इंग्लंडमध्ये बाधित डासही चाववत. फरक ठळकपणे दिसला. डास चावलेल्यांचा ताप महिन्यांनी उलटे. रक्त टोचलेल्यांचा ताप एकदा औषधाने गेला की पुन्हा येत नसे. याचा अर्थ असा की रक्तातला मेरोझॉइट यकृतात परत जाऊ शकत नाही. जायला मोकळा असता, तर रक्त टोचलेल्यांचाही ताप उलटला असता. तेव्हा ताप उलटण्याची सोय फक्त स्पोरोझॉइटजवळ असते.

प्रत्यक्ष पेशी दिसायला मात्र बराच काळ गेला. १९८० साली क्रोटोस्की, गार्नहॅम आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या प्लाझ्मोडियम सायनोमोल्गीवर काम करताना यकृताच्या तुकड्यांवर चमकणारी प्रतिपिंडे वापरली आणि शायझॉन्ट फुटून गेल्यानंतरही उरलेले, एकच केंद्रक असलेले इवलेसे गोळे त्यांना दिसले. १९८२ साली चिंपांझीच्या यकृतात व्हायवॅक्सचेही तसेच गोळे सापडले. तेव्हापासून मेटाक्रिप्टोझॉइटची रांग इतिहासजमा झाली आहे. काही पुस्तकांना ते अजून कळलेले दिसत नाही.

हे गोळे जागे कधी होतात? एकच उत्तर नाही. न्यू गिनीसारख्या उष्ण, वर्षभर डास असलेल्या भागातला व्हायवॅक्स तीन-चार आठवड्यांत उलटतो. कोरियातला प्रकार आठ-नऊ महिने किंवा त्याहूनही जास्त थांबतो, कारण तिथे डासांचा हंगाम उन्हाळ्यापुरता असतो. दक्षिण कोरियात १९९३ साली सीमेजवळ मलेरिया परतला, तेव्हा नोकरी संपवून घरी गेलेले कित्येक सैनिक पुढच्या वर्षी आजारी पडले. हिवाळ्यात जागे होऊन परजीवीचा काही फायदा नव्हता, आणि तो थांबला. भारतात दोन्ही प्रकार आढळतात. तापाने हिप्नोझॉइट जागे होत असावेत असाही दाट संशय आहे. थायलंडमध्ये फाल्सिपॅरमचे उपचार झालेल्यांना पुढच्या काही आठवड्यांत व्हायवॅक्स होण्याचे प्रमाण इतके मोठे असते की नव्याने डास चावला असे म्हणून ते सुटत नाही.

आता एडिनबराच्या मुलाचा उलगडा करता येईल. ताप पुन्हा येण्याची कारणे तीन: नवी लागण, औषधाने पुरते न मेलेले रक्तातले परजीवी पुन्हा वाढणे, किंवा यकृतातून उलटणे. स्कॉटलंडमुळे पहिले बाद. दुसरे असते तर ते साधारणपणे उपचारानंतर महिन्या-दीड महिन्यात दिसले असते, आठव्या महिन्यात नव्हे. उरले तिसरे. हाच मुलगा मुंबईतच राहिला असता तर मात्र पहिले आणि तिसरे वेगळे करणे जवळजवळ अशक्य होते. ऑगस्टच्या आणि एप्रिलच्या परजीवींचा डीएनए ताडून पाहिला तरी खात्री होत नाही, कारण यकृतात वेगवेगळ्या डासांनी सोडलेले हिप्नोझॉइट असू शकतात आणि या वेळी जागा झालेला मागच्याहून वेगळ्या वंशाचा असू शकतो. आणखी एक वाद चालू आहे. प्लीहेत आणि अस्थिमज्जेतही व्हायवॅक्सचे परजीवी लपून राहतात असे अलीकडे दिसले आहे. त्यामुळे उलटणारा प्रत्येक ताप यकृतातूनच येतो का, हा प्रश्न हिप्नोझॉइट हे नाव सुचवणारे माइल्स मार्कस स्वतःच विचारत आले आहेत. लांब मुदतीने उलटणाऱ्या तापासाठी मला तरी यकृताचीच बाजू भक्कम वाटते.

मुलाची चूक कुठे झाली तेही आता सांगता येते. क्लोरोक्विन रक्तातले परजीवी मारते, हिप्नोझॉइटला हात लावत नाही. त्यासाठी प्रायमाक्विन लागते. भारतात प्रौढांना ते साधारण १५ मिलिग्रॅम रोज, १४ दिवस देतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की उरलेल्या अकरा दिवसांच्या गोळ्या टेबलावर पडून राहतात, आणि इथेच घोडे अडते. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातही बरीच वर्षे फक्त पाच दिवस प्रायमाक्विन देत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या संशोधकांनी पाच आणि चौदा दिवसांची तुलना १९९९ साली प्रसिद्ध केली, आणि पाच दिवसांच्या उपचाराने ताप उलटणे थांबत नाही हे त्यातून दिसले. टॅफेनोक्विन हे एकाच डोसात भागणारे औषध अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले, पण दोन्ही औषधांची अडचण एकच आहे. ज्यांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असते त्यांच्या पेशी या औषधाने फुटू लागतात. हा दोष पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत तुलनेने जास्त आढळतो. गरोदर बाईलाही हे औषध देत नाहीत, कारण पोटातल्या बाळाचे विकर तपासता येत नाही.

म्हणून घरात कुणाच्या रिपोर्टवर व्हायवॅक्स लिहून आले तर डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: जी-सिक्स-पीडीची तपासणी झाली का, आणि प्रायमाक्विन किती दिवस घ्यायचे. लघवी काळपट होऊ लागली तर गोळी थांबवून लगेच त्यांना गाठा. तसे काही नसेल, तर ताप नसला तरी चौदाव्या दिवसाची गोळी घ्यायचीच.