बोगदा तुटल्यावरचे काही सेकंद

व्हीपीएन सुरू असताना लॅपटॉपमधली सगळी माहिती कूटबद्ध होऊन आधी व्हीपीएनच्या सर्व्हरकडे जाते आणि मग पुढे. ही जोडणी, म्हणजे बोगदा, कधीही तुटू शकतो: वायफाय बदललं, सर्व्हर अडखळला, लॅपटॉप झोपेतून उठला. तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम थांबून वाट बघत नाही. व्हीपीएनचा मार्ग गेला की ती आपल्या नेहमीच्या इंटरनेट जोडणीवरून वाहतूक सुरू ठेवते, आणि समोरच्या वेबसाइटला आपला खरा आयपी पत्ता दिसतो. किल स्विच ही गळती अडवतो. चांगला किल स्विच फायरवॉलमध्ये आधीच नियम लावून ठेवतो: व्हीपीएनच्या सर्व्हरशी बोलायला परवानगी, बाकी जे जाईल ते बोगद्यातूनच. साध्या प्रकारात ॲप बोगद्यावर नजर ठेवतं आणि तो तुटल्यावर वाहतूक बंद करतं. त्याला जाग येईपर्यंत थोडं काही निसटू शकतं.

तपासताना बरेच जण ॲपमधलं बंद करण्याचं बटण दाबतात. त्यातून काही कळत नाही, कारण आपणच व्हीपीएन बंद केलं असं समजून कित्येक ॲप किल स्विचही उठवतात. नुसतं वायफाय बंद करूनही भागत नाही. जाळंच नसेल तर गळणार काय?

विंडोजवर असं करा. किल स्विच सुरू करून मुद्दाम दूरचा, समजा जर्मनीतला, सर्व्हर निवडा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा:

```
ping -t 1.1.1.1
```

हा पत्ता जवळच्या केंद्रातून उत्तर देतो. त्यामुळे भारतातून थेट गेलं तर उत्तराला सहसा काही मोजके मिलिसेकंद लागतात, जर्मनीमार्गे शंभराच्या वर. हा फरकच आपला साक्षीदार. आता Task Manager मध्ये जाऊन व्हीपीएनची पार्श्वभूमीत चालणारी सेवा बंद करा. नुसती खिडकी बंद करून बोगदा तुटेलच असं नाही. आकडे तसेच मोठे राहिले, तर बोगदा तुटलेलाच नाही, चाचणी झालीच नाही. Request timed out किंवा General failure दिसलं, तर किल स्विच काम करतोय. एकदम छोटे आकडे आले, तर गळती आहे. मात्र पिंग साधारण सेकंदाला एकदा जातो, त्यामुळे मधली निमिषभराची गळती त्यात दिसणार नाही. म्हणून चाचणी एकदाच करून थांबू नका.

हेच दुसऱ्या खिडकीत आयपीव्ही६ साठी करा:

```
ping -6 -t 2606:4700:4700::1111
```

व्हीपीएन नसतानाही इथे उत्तर येत नसेल, तर तुमच्या जोडणीला आयपीव्ही६ नाही, विषय संपला. पण उत्तर येत असेल, तर हे टाळू नका, कारण काही ॲप फक्त जुन्या आयपीव्ही४ ची वाट अडवतात आणि ही मोकळी सोडतात.

अँड्रॉइडवर ही सोय सिस्टीममध्येच आहे: व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये Always-on VPN आणि Block connections without VPN. दोन्ही सुरू असली तरी इंटरनेट आहे का हे पाहणारी अँड्रॉइडची स्वतःची तपासणी बोगद्याबाहेरून जाते. व्हीपीएन ॲपला ती थांबवता येत नाही.