उमेदवाराच्या ‘हॅलो’ला पहिले उत्तर

नोकरीच्या शोधात असलेला उमेदवार पूर्वी टपालाने अर्ज धाडीत असे आणि त्या अर्जात त्याचे नाव, शिक्षण व हेतू एकदमच कळत असे. आता अनेक कारखाने व भरती संस्था जाहिरातीत व्हॉट्सॲपचा क्रमांक देतात. त्यावर येणारा पहिला निरोप पुष्कळदा ‘हॅलो’ किंवा ‘नमस्कार सर’ एवढाच असतो. निरोप अपुरा वाटून काही भरती अधिकारी तिकडे दुर्लक्ष करतात. वस्तुतः त्या एका शब्दाने उमेदवार अंदाज घेत असतो, की क्रमांक खरा आहे काय, पलीकडे कोणी माणूस आहे काय आणि आपण विचारलेले चालेल काय.

उदाहरणार्थ, वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याला फिटर हवे आहेत असे समजू. खानापूर तालुक्यातील एक आयटीआय उत्तीर्ण तरुण जाहिरात पाहून रात्री साडेनऊला ‘हॅलो सर’ असे लिहितो. त्यावर नुसते ‘बोला’ असे उत्तर गेले, तर आपण त्रास दिला असे त्यास वाटते व तो गप्प राहतो. ‘बायोडाटा, आधार कार्ड व फोटो पाठवा’ असे उत्तर गेले, तर सावध उमेदवार बिचकतो. आणि ते योग्यच आहे, कारण कागदपत्रे उकळणारे भामटेही नेमके असेच लिहितात. पुढील उत्तर मात्र उपयोगी पडेल:

‘नमस्कार. आपण आमच्या कारखान्याच्या भरती विभागाशी संपर्क साधला आहे. मी भरती अधिकारी (येथे नाव). वेर्णा येथील फिटर पदाच्या जाहिरातीसंबंधी आपण लिहीत आहात काय? आपले नाव व ट्रेड कळवावा. उद्या सकाळी अकरापर्यंत पुढील माहिती देईन. मराठी, कोंकणी वा हिंदी, सोयीच्या भाषेत लिहावे.’

यात संस्था व लिहिणारी व्यक्ती दोन्ही ओळखता येतात. प्रश्नाचे उत्तर ‘होय’ एवढ्यानेही देता येते. ‘आपल्याविषयी सांगा’ अशा मोकळ्या प्रश्नापुढे नवखा उमेदवार अडखळतो. वेळ दिल्यामुळे त्याला वारंवार विचारावे लागत नाही. मात्र दिलेली वेळ पाळलीच पाहिजे, अन्यथा ती न देणे बरे. ‘प्रिय उमेदवार’ हे संबोधन कोरडे वाटते, तर ‘भाऊ’ किंवा ‘डिअर’ अनाठायी सलगीचे. ‘आपण’ पुरेसे आहे. निवडीची आशा लावणारा ‘काम होऊन जाईल’ यासारखा शब्द पहिल्या निरोपात येऊ नये.

हे उत्तर यंत्राकडे सोपविता येते, पण पूर्णपणे नव्हे. व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमधील स्वागत-निरोप प्रथमच लिहिणाऱ्यास, किंवा १४ दिवस काहीच संभाषण न झालेल्यास, आपोआप जातो. तोच तरुण तिसऱ्या दिवशी पुन्हा ‘हॅलो’ म्हणाला तर त्यास हा निरोप जात नाही, आणि अशा वेळी संस्थेने आपणास टाळले असा त्याचा समज होतो. यास्तव दुसऱ्या ‘हॅलो’कडे माणसाने लक्ष ठेवावे आणि मागील संभाषण वाचून मगच लिहावे. नाव एकदा दिलेल्या उमेदवारास ते पुन्हा विचारणे यासारखा उपमर्द नाही. मोठ्या संस्था ॲपऐवजी संगणकप्रणालीशी जोडलेली सेवा वापरतात. तेथे उमेदवाराच्या शेवटच्या निरोपापासून २४ तासच मोकळेपणी लिहिता येते. त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेल्या नमुन्यातीलच निरोप जातो. शनिवारी दुपारी आलेला ‘हॅलो’ सोमवारी उघडणाऱ्या कार्यालयाने हे ध्यानात ठेवावे.

कागदपत्रे संभाषणाच्या दुसऱ्या टप्प्यात, कशासाठी हवीत ते सांगूनच मागवावीत. ओटीपी किंवा बँकेचा तपशील या टप्प्यात मागण्याचे काहीच कारण नसते. परदेशातील नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाने १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील आपला नोंदणी क्रमांक पहिल्याच उत्तरात द्यावा, म्हणजे उमेदवारास तो ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पडताळता येतो. गोव्यातून आखातात जाऊ इच्छिणाऱ्यांना याचे मोल विशेष आहे.

जागा भरली असल्यास तेही त्याच सौजन्याने, लगेच सांगावे: ‘फिटरच्या जागा भरल्या आहेत. आपली इच्छा असल्यास नाव व ट्रेड नोंदवून ठेवतो व जागा निघाल्यास याच क्रमांकावरून कळवू.’ उमेदवाराने होकार दिल्यावरच नोंद करावी आणि त्याच्या क्रमांकास ॲपमध्ये ‘फिटर’ असे लेबल लावावे, म्हणजे पुढील भरतीच्या वेळी तो शोधावा लागत नाही.