फुंकू नका, ओढा!

पोटाच्या वरच्या भागात, बरगड्यांखाली टाके असले की खोल श्वास दुखतो. माणूस नकळत उथळ श्वास घेत राहतो, फुप्फुसांच्या तळाचे वायुकोश मिटतात आणि तिथे कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून नर्स स्पायरोमीटर हातात देते. आपली मंडळी त्यात हमखास फुंकतात, मग आतला चेंडू हलतच नाही! ताठ बसून हवा हळूहळू आत ओढायची, ३ ते ५ सेकंद धरायची. जागेपणी तासाला साधारण १० वेळा. अर्थात २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात या यंत्राचा ठोस फायदा दिसला नव्हता. त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. वेदनाशामक वेळेवर घेऊन, डॉक्टरांनी परवानगी देताच आधाराने चालावं. उभं राहिलं की पोटातले अवयव खाली सरकतात आणि श्वासपटलाला जागा मिळते. धाप लागली, ताप आला तर लगेच नर्सला सांगा.