उलटी, जुलाब, ताप : अशा दिवशी साखर किती वेळा बघायची?

मधुमेह असलेल्या माणसाला उलट्या-जुलाब सुरू झाले की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "पोटात अन्नाचा कण नाही, मग शुगर कशाला वाढेल?" त्यातूनच पुढचे दोन निर्णय घेतले जातात. इन्सुलिन बंद करायचं आणि ग्लुकोमीटर कपाटातच राहू द्यायचा. नेमक्या या दोन निर्णयांमुळे साधं पोट बिघडणं अतिदक्षता विभागापर्यंत जाऊ शकतं.

रक्तातली साखर फक्त ताटातून येत नाही. यकृतातही तिचा साठा असतो. ताप, जंतुसंसर्ग किंवा उलट्यांचा ताण आला की शरीर ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल, ग्लुकॅगॉन अशी संप्रेरकं सोडतं. ती यकृताला साखर बाहेर सोडायला लावतात आणि इन्सुलिनचं कामही अडवतात. त्यामुळे दिवसभर काही न खाताही साखर तीनशेच्या वर जाऊ शकते. उलटही घडतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा जेवणाआधीचं इन्सुलिन आधीच घेतलेलं असतं, नंतर खाल्लेलं उलटून पडतं आणि साखर सत्तरच्या खाली घसरते. आजारपणात साखर वरही जाऊ शकते आणि खालीही, आणि कुठे जाईल हे अंगावरच्या लक्षणांवरून कळत नाही. घाम, थरथर, गळून जाणं हे तापातही होतं आणि साखर उतरल्यावरही. म्हणून एरवी दिवसातून एकदा किंवा आठवड्यातून दोनदा बोट टोचणाऱ्यानेही या दिवसांत वेगळं वेळापत्रक पाळायचं असतं.

हे वेळापत्रक मधुमेहाचा प्रकार आणि औषधं यांवरून ठरतं. टाइप १ च्या रुग्णाने दर दोन ते चार तासांनी साखर तपासायची, रात्रीही गजर लावून. त्याच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन जवळपास नसतंच, त्यामुळे काही तासांतच परिस्थिती हाताबाहेर जाऊ शकते. टाइप २ असून इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या चालू असतील तर नुसत्या तापात साधारण दर चार तासांनी तपासणी पुरते. उलट्या सुरू असतील, आधीचा आकडा तीनशेच्या आसपास असेल किंवा साखर उतरू लागली असेल, तर अंतर दोन तासांवर आणायचं. साखर कमी करून टाकण्याचा धोका नसलेल्या, म्हणजे फक्त मेटफॉर्मिनसारख्या गोळ्यांवर असलेल्यांनी दिवसातून चार वेळा बघितलं तरी बहुधा भागतं. साखर सत्तरच्या खाली गेली तर मात्र तासांचा हिशेब विसरायचा. तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि ते पोटात टिकत नसेल तर दवाखाना गाठायचा.

चार तास यामागे कारण आहे. जेवणाआधी घेतलेल्या जलद इन्सुलिनचा परिणाम साधारण तेवढ्या वेळात ओसरतो. त्याआधी तासातासाला बघून वाढीव डोस घेत गेलं तर एका डोसवर दुसरा चढतो आणि साखर एकदम खाली येते. वारंवार तपासायचं ते दिशा कळावी म्हणून. प्रत्येक आकड्यावर इन्सुलिन घेत सुटायचं नाही.

आता आकड्याच्या मर्यादेकडे येऊ, कारण खरा फटका तिथेच बसतो. शरीराला इन्सुलिन अपुरं पडलं की साखर पेशींमध्ये जात नाही. मग शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून केटोन नावाची आम्लं रक्तात साठतात. ती खूप वाढली की रक्त आम्लधर्मी होतं. यालाच डॉक्टर डीकेए म्हणतात. एरवी डीकेए होताना साखरही खूप वाढलेली असते, त्यामुळे ग्लुकोमीटर इशारा देतो. पण डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यांच्यामुळे साखर दोनशेच्या आत दिसत असतानाही केटोन चढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१५ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. आपल्याकडे डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, स्वस्त गोळ्या आल्या आणि आज ती असंख्य घरांतल्या गोळ्यांच्या डबीत आहे. अनेकदा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असल्यामुळे आपण ती घेतो हे रुग्णाला ठाऊकही नसतं.

हे एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. साठीच्या एक काकू आहेत, टाइप २ बारा वर्षांपासून. रात्री दहाला ग्लार्जिन इन्सुलिनचे १८ युनिट, सकाळी मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि डॅपाग्लिफ्लोझिन. एका पावसाळी पहाटे पाच वाजता पहिली उलटी होते, मागोमाग जुलाब. साडेपाचला सुनेने शुगर बघितली : २०४. उलट्या चालू असल्याने तिने दर दोन तासांचा हिशेब धरला आणि वहीत वेळ, आकडा, उलटी-जुलाब, पोटात गेलेलं पाणी असे रकाने आखले. सकाळच्या गोळ्या तिने दिल्या नाहीत आणि आठ वाजता डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तेच सांगितलं : "तिन्ही गोळ्या आज बंद. रात्रीचं इन्सुलिन बंद करू नका, डोस संध्याकाळच्या आकड्यावरून ठरवू. केटोनच्या स्ट्रिप आणा."

साडेसातला २३१ आणि साडेनऊला २२६. लघवीच्या स्ट्रिपवर केटोनचा किंचित रंग. साडेअकराला १९८. काकू म्हणाल्या, "बघ, उतरतेय. आता झोपू दे मला." दीड वाजता १७६. आकडा चांगला दिसत होता, पण काकू सकाळपेक्षा जास्त गळाल्या होत्या, पोट दुखत होतं, पाण्याचा घोटही उलटत होता आणि श्वास जोरात चालला होता. सुनेने पुन्हा लघवी तपासली. स्ट्रिपचा रंग आता दोन प्लसशी जुळत होता. "आई, उठा. दवाखान्यात जायचंय," ती म्हणाली. दवाखान्यात रक्तातले केटोन ३.४ आले. सलाइन, इन्सुलिन आणि साखर उतरू नये म्हणून त्याबरोबर ग्लुकोज, असे उपचार सुरू झाले.

१७६ हा आकडा खोटा नव्हता. आदल्या दिवशी घेतलेली डॅपाग्लिफ्लोझिन अजून काम करत होती आणि साखर लघवीत टाकत होती. ती गोळी आज बंद केली म्हणून तिचा परिणाम आज संपत नाही, तो पुढेही टिकू शकतो. अन्न नाही, पाणी कमी, आजारपणाची संप्रेरकं चढलेली, त्यामुळे केटोन मात्र वाढत गेले. म्हणून या गटातली गोळी घेणाऱ्याने आणि टाइप १ च्या प्रत्येक रुग्णाने, उलट्या सुरू असताना साखर कितीही असली तरी केटोन दर चार तासांनी तपासायचे, वाढलेले दिसले तर दर दोन तासांनी.

केटोन रक्तातही बघता येतात, लघवीतही. रक्ताचा आकडा ०.६ च्या आत असला तर ठीक. ०.६ ते १.५ असेल तर दोन तासांनी पुन्हा तपासा. १.५ च्या वर गेला तर लगेच डॉक्टरांना फोन करा, आणि ३ च्या वर गेला तर वाट न बघता रुग्णालयात जा. लघवीची स्ट्रिप स्वस्त असते, औषधांच्या दुकानात मिळते, पण ती काही तासांपूर्वीची स्थिती दाखवते आणि रक्तातला मुख्य केटोन तिला दिसत नाही. शिवाय पाणी कमी झालेल्या माणसाला लघवीच होत नाही. त्यामुळे दोन प्लस दिसणं म्हणजे धोका, पण रंग फिकट आला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. डॅपाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याला उलट्या थांबत नसतील तर स्ट्रिप काहीही म्हणो, रक्ततपासणी करून घ्यावी.

बोट टोचण्याचीही एक शिस्त आहे. ओआरएस ढवळलेल्या किंवा फळ सोललेल्या हाताने तपासलं तर आकडा फुगतो, म्हणून हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे. फार पाणी कमी झालं असेल, हातपाय गार पडले असतील, तर बोटातल्या रक्तावरचा आकडा विश्वासाचा राहत नाही. अशा वेळी यंत्राशी झटापट करण्यापेक्षा दवाखाना गाठावा. दंडावर सेन्सर लावलेल्यांनीही आकडा लक्षणांशी जुळत नसेल तर बोटाने खात्री करावी.

प्यायला काय द्यायचं, हेही तपासणीवरूनच ठरतं. दर तासाला १०० ते २०० मिलीलीटर, तेही घोट-घोट. साखर अडीचशेच्या वर असेल तर पाणी, मीठ घातलेलं पातळ ताक, साधं सूप. साखर उतरत असेल आणि अन्न जात नसेल तर तांदळाची पेज किंवा थोडं गोड सरबत. ओआरएस "गोड" म्हणून टाळू नये. एका लिटरच्या पाकिटात ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम असतं, म्हणजे एका पेल्यात तीन ग्रॅमच्याही आत. बाजारातली "ओआरएससारखी" गोड पेयं मात्र वेगळी, त्यांवरचं लेबल वाचावं. किडनीचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचं प्रमाण आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

गोळ्यांबद्दलही आधीच विचारून ठेवावं. पाणी कमी झालं असताना रक्तदाबाच्या काही गोळ्या किडनीला त्रास देऊ शकतात आणि मेटफॉर्मिन शरीरात साचू शकतं, म्हणून डॉक्टर त्या थांबवायला सांगतात. दीर्घ परिणामाचं इन्सुलिन मात्र टाइप १ च्या रुग्णाने कधीच स्वतःहून बंद करायचं नाही, जेवण नसलं तरी. थांबवलेल्या गोळ्या परत सुरू करायच्या त्या खाणंपिणं पूर्ववत होऊन एक-दोन दिवस उलटल्यावर, डॉक्टरांना विचारूनच. साखर आणि केटोन मूळ पातळीवर येईपर्यंत वाढीव तपासण्याही चालू ठेवायच्या.

चार-सहा तासांहून अधिक काळ पाणी पोटात टिकत नसेल, आठ तासांत लघवी झाली नसेल, साखर सलग दोनदा तीनशेच्या वर आली असेल, गुंगी किंवा गोंधळ वाटत असेल, किंवा श्वास खोल आणि भराभर चालला असेल, तर पुढच्या तपासणीची वाट बघायची नाही. मूल किंवा गरोदर बाई असेल तर याहीआधी. फोनवर डॉक्टरांना मात्र "शुगर थोडी जास्त आहे" असं मोघम सांगू नये. शेवटच्या तीन तपासण्यांच्या वेळा आणि आकडे, केटोन, किती उलट्या झाल्या, किती पाणी टिकलं, शेवटची लघवी कधी झाली, कुठली औषधं कधी घेतली, हे वहीतून वाचून दाखवलं की डॉक्टर पुढचा निर्णय लगेच देऊ शकतात.