आठ भाकर, दोन शेव, एक फिक्की!

जळगाव जामोदच्या बसस्टँडच्या आसपास किंवा बुऱ्हाणपूरकडे निघालेल्या रस्त्यालगत, दुपारी एक ते अडीच या वेळात जेवायला बसलेल्या माणसाला आतून सतत आरडाओरडा ऐकू येतो. बाजाराचा दिवस असला, कापसाच्या गाड्या निघण्याचा हंगाम असला, तर तो आणखी चढतो. नवख्याला आत भांडण जुंपलंय असं वाटतं. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे; एका अंगाला खानदेश, दुसऱ्या अंगाला निमाड. त्यामुळे त्या ओरडण्यात वऱ्हाडी असते, अहिराणीचा हेल असतो आणि पलीकडची हिंदीही असते. पण कान देऊन ऐकलं तर भांडणाचा भाग थोडाच निघतो. बाकीचं सगळं काम असतं.

एक ऑर्डर घेऊन बघू. चौघे जण बसलेत. एक म्हणतो, “शेवभाजी आणा दोन, एकीत तिखट कमी टाका, भरीत आहे का, बरं एक भरीत, अन् भाकरी आणा आठ.” गिऱ्हाईक भाजीपासून सुरुवात करतं, कारण त्याच्या मनात भाजी आहे. वेटर मात्र आत तोंड करून ओरडतो ते उलट्या क्रमानं: “चार नंबर! आठ भाकर! दोन शेव, एक फिक्की! एक भरीत!”

हा उलटा क्रम सवयीनं आलेला नाही, तो चुलीनं ठरवलाय. ज्वारीची भाकरी थापायची, तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि विस्तवाला लावून फुगवायची, याला दोन-तीन मिनिटं जातात, आणि एका तव्यावर एका वेळी एकच भाकरी मावते. दोन तवे असले तरी आठ भाकऱ्यांच्या चार फेऱ्या होतात, म्हणजे आठ ते बारा मिनिटं. शेवभाजीचं तसं नाही. कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण आणि काळा मसाला घातलेला रस्सा सकाळीच पातेल्यात तयार असतो. कढईत तेल, त्यावर दोन डाव रस्सा, उकळी आली की ताटली. चार-पाच मिनिटांत काम संपतं. भरीत तर आधीच भाजून, ठेचून ठेवलेलं असतं; ते फक्त फोडणीवर परतायचं. म्हणून ज्याला वेळ जास्त, त्याचा पुकारा आधी. वेटरनं गिऱ्हाइकाच्याच क्रमानं ओरडलं तर भाजी वाफाळत ताटात येईल आणि चौघेजण हात धुऊन भाकरीची वाट बघत बसतील.

शेव कढईत पडतच नाही, ही दुसरी गोम. जाड, तिखट शेव रस्सा वाढल्यावर, ताटली बाहेर जाताना वरून टाकायची असते. तीन-चार मिनिटं आधी पडली की ती रस्सा पिते, फुगते आणि गिऱ्हाइकापर्यंत लगदा पोचतो. म्हणून दरवाजाशी उभा असलेला माणूस आत विचारतो, “भाकर कुठवर?” उत्तर “दोन राह्यल्या” असं आलं की तो शेवेच्या डब्यात हात घालतो. भरलेल्या कढईपेक्षा या एका प्रश्नावर शेवभाजीची चव जास्त अवलंबून आहे.

पुकारा देणं हे अर्धंच काम. आतून उत्तर यायला हवं. कढईवाल्यानं “दोन शेव, एक फिक्की” असं परत म्हणायचं, नुसतं “हो” म्हणून भागत नाही. स्टोव्हची भट्टी, एक्झॉस्टचा पंखा आणि भांड्यांचा खणखणाट यांत ‘दोन’ आणि ‘तीन’ यांची सहज गल्लत होते. आकडा परत ऐकला की चूक तिथेच पकडता येते. सावध वेटर ओरडताना बोटंही वर करतो. उत्तर आलं नाही की मात्र पंचाईत. ऐकलं नाही असं समजून वेटर दुसऱ्यांदा ओरडतो. कढईवाल्यानं पहिल्यांदाच ऐकलेलं असतं, फक्त तोंडात तंबाखू असल्यामुळे तो बोललेला नसतो. आता एका टेबलाच्या दोन ऑर्डरी कढईत पडतात. ही चूक उघड होते ती फळीवर दोन ताटल्या बेवारस गार होत पडलेल्या दिसल्यावर, आणि मग “ही कोणाची बे?” या सवालानं. यावर अनुभवी लोकांचा उपाय साधा आहे. दुसऱ्यांदा ओरडताना आधी “मघाची!” म्हणायचं, मग ऑर्डर.

कामाच्या या बोलीत संबोधनांची उतरंडही नेमकी असते. मुख्य स्वयंपाक्याला ‘उस्ताद’. कढईवरच्या बरोबरीच्या माणसाला ‘अबे’, ‘भाऊ’, आणि काम तुंबलं तर याहून खालचं काहीही. पण मागच्या बाजूला चुलीसमोर बसून भाकऱ्या थापणारी बाई बहुधा वयानं मोठी असते, आणि तिच्याशी बोलताना तोच तोंडाळ पोरगा एकदम सुधारतो: “मावशी, आणखी सहा टाकता का?” सगळ्या गर्दीत एवढं एकच वाक्य विनंतीचं असतं. कारण सन्मान जितका आहे तितकाच व्यवहारही आहे. मावशी रुसून उठली तर त्या दुपारी भाकऱ्या कोण थापणार?

टोमणे मारले जातात ते मुख्यतः वेगावर. रस्सा उशिरा आला की “हळद पेरली काय बे आत?” अशा धर्तीचं काहीतरी बाहेरून येतं. आतूनही परतफेड होते: “गिऱ्हाईक तुझा सोयरा हाय का?” हे ऐकून कोणी थांबत नाही, आणि हात चालू असताना हसायला फुरसतही नसते. हसणं तीन वाजता येतं, कढया धुताना, तीच वाक्यं पुन्हा सांगून. जॉर्ज ऑर्वेलनं पॅरिसच्या एका हॉटेलाच्या तळघरात भांडी घासण्याचं काम केलं आणि 1933 साली ‘डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन’मध्ये तो अनुभव लिहिला. त्याचं म्हणणं असं की जेवणाच्या वेळी प्रत्येकानं दुसऱ्याला आळशी ठरवून शिव्या दिल्या नाहीत तर तो वेग टिकणारच नाही. ऑर्वेलच्या त्या तळघरात आणि सातपुड्याखालच्या या भटारखान्यात हवामानाचाही फारसा फरक नसावा. वैशाखात तर नाहीच.

फ्रान्समधल्या मोठ्या भटारखान्यांत ऑर्डर मोठ्यानं पुकारायला स्वतंत्र माणूस नेमलेला असे. शेफ एस्कोफिएनं बसवलेल्या कामाच्या विभागणीत त्याची जागा ठरलेली होती. अमेरिकेतल्या डायनरमध्ये एखादा पदार्थ संपला की आत-बाहेर सगळ्यांना कळावं म्हणून ‘एटी-सिक्स’ पुकारतात. आपल्याकडे त्याला ‘खलास’ पुरतो.

आपल्याकडे ही कला सगळ्यात घोटीव झाली ती मुंबईच्या इराणी हॉटेलांत आणि उडुपी लोकांच्या खाणावळींत. चहाचेच प्रकार बघा. ‘कटिंग’ म्हणजे अर्धा, ‘पानी कम’ म्हणजे दुधाचा दाट, ‘खडा चमचा’ म्हणजे चमचा उभा राहील असं म्हणण्याइतका गोड, आणि चहा-कॉफी एकत्र केलं की ‘मारामारी’. हॉटेलाबाहेरच्या दुकानांत चहा पोचवणारा पोऱ्या तो ‘बाहरवाला’. हे शब्द आखूड आहेत आणि एकमेकांसारखे ऐकू येत नाहीत. कपबश्यांच्या आवाजात टिकायचं तर हे दोन गुण हवेतच.

त्याहून अजब होती गल्ल्याची पद्धत. बिलाचा कागद नसे. गिऱ्हाईक खाऊन उठलं, दाराकडे चाललं की वेटर मागून गल्ल्याला उद्देशून ओरडे: कोण आणि किती. ‘कोण’ सांगायला नाव ठाऊक नसतं, म्हणून अंगावरची खूण: टोपीवाला, चष्मावाला, छत्रीवाला. एका वेटरला एकाच वेळी पाच-सहा टेबलांचा हिशेब डोक्यात ठेवावा लागे, आणि कुणी मध्येच आणखी एक बन मस्का मागवला तर बेरीज सुधारावी लागे. गंमत इथेच होती आणि धोकाही. डोक्यावर केस नसलेल्या माणसाची सगळ्यात सोपी खूण कोणती, हे वेटरला कळे, गल्ल्याला कळे, आणि दुर्दैवानं त्या माणसालाही कळे. कुरबुर झाली की मालक वेटरला रागवे, आणि वेटर दुसऱ्या दिवशी त्याच गिऱ्हाइकाला ‘पांढरा शर्ट’ म्हणे.

‘खाया पिया कुछ नहीं, गिलास तोडा बारा आना’ हे वाक्य याच गल्ल्याच्या पुकाऱ्याच्या घाटाचं आहे. आधी माणसानं काय केलं ते, मग रक्कम. रुपयाचे सोळा आणे होते, म्हणून बारा आणे म्हणजे पाऊण रुपया; चहा प्यायला गेलेल्याला तो झोंबणारच. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, आणे गेले, वाक्य राहिलं. आज ज्यांनी आणा पाहिलेला नाही तेही ते वापरतात.

या बोलीतली एक गोष्ट मात्र कौतुकाची नाही. ‘पोऱ्या’, ‘छोटू’, ‘बारक्या’ या हाकांमागे खरोखरच आठ-दहा वर्षांची मुलं होती. 10 ऑक्टोबर 2006 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना ढाबे आणि हॉटेलांत कामाला ठेवण्यावर बंदी आली. 2016 च्या दुरुस्तीनं ती, घरच्या धंद्यातल्या मदतीसारखे थोडे अपवाद सोडता, सगळ्याच कामांना लागू झाली. हाक तरीही टिकली. तिशीतला, मिशीवाला माणूस ‘छोटू’ म्हटल्यावर ओ देतो तेव्हा तो लहान असताना इथे आला होता का, हे विचारण्यासारखं असतं. टोमणा कुणाच्या वेगावर असेल तोवर तो खपतो. जातीवर, व्यंगावर किंवा उत्तर देता येणार नाही अशा पोरावर गेला की ती मस्करी राहत नाही, आणि भटारखान्यातल्या शहाण्या उस्तादाला ही रेघ ठाऊक असते. काही ठिकाणी उस्तादाला ती ठाऊक नसते, हेही तितकंच खरं.

मस्करीला एका जागी मात्र सगळीकडेच पूर्ण बंदी असते. “बाजू!”, “गरम गरम!”, “तेल!” या तीन आरोळ्या कधीही गमतीत द्यायच्या नाहीत. कुणी एकदा खोटं “तेल!” ओरडलं की पुढच्या खऱ्या वेळी माणूस सरकत नाही, आणि उकळत्या कढईपुढे ती चूक एकदाच होते.

मोठ्या गावांतल्या हॉटेलांत आता वेटरच्या हातात मोबाइल असतो, आत प्रिंटरमधून केओटीची चिठ्ठी निघते, बिल छापील येतं. हिशेबाच्या चुका त्यानं कमी झाल्या, यात वाद नाही. तरी चिठ्ठी फाडून घेणारा माणूस ती वाचून पुन्हा ओरडतोच. कारण चिठ्ठी एकाला दिसते. भाकरीवाल्या मावशीला, कढईवाल्याला आणि दारातल्या शेववाल्याला एकाच क्षणी कळायला हवं असेल तर आवाजाइतकं स्वस्त साधन अजून निघालेलं नाही. ‘भाकर कुठवर?’ हा प्रश्न तर कुठलाच प्रिंटर विचारत नाही.

गर्दीच्या वेळी जेवायला बसलात तर वेटरला भाकऱ्यांचा आकडा आधी सांगा, तिखट कमी हवं असेल तर ते त्याच दमात सांगा, आणि आतला आरडाओरडा ऐकून घाबरू नका. आत सगळे गप्प झाले तर मात्र जेवणाला उशीर आहे असं समजा.