वास्तुशांतीच्या दिवशी यजमानाने मानायचे आभार

ट्रॉम्ब्यात आणि शेजारच्या अणुशक्तीनगरात हा प्रसंग बरेचदा येतो. भाभा अणुसंशोधन केंद्रातली नोकरी संपत आली की क्वार्टर सोडावं लागतं आणि कुटुंब स्वतःच्या घरात राहायला जातं. मग वास्तुशांत होते, आणि जेवणाआधी कुणीतरी म्हणतं, "दोन शब्द बोला हो." सकाळपासून सोवळं नेसून पाटावर बसलेल्या, धुराने डोळे चुरचुरणाऱ्या यजमानाला तेव्हा काही सुचत नाही.

कधी बोलायचं

पूर्णाहुती, आरती, मंत्रपुष्प आणि तीर्थप्रसाद एवढं झालं की दहा मिनिटं सगळे एकाच खोलीत असतात. बोलण्याची वेळ तीच. पहिली पंगत बसली की अर्धी माणसं आत, अर्धी जिन्यात होतात आणि वाढपी ताटकळतात. गुरुजीही त्यानंतर पुढच्या घरी निघालेले असतात, म्हणजे ज्यांचे आभार मानायचे तेच समोर नसतात.

दोन-तीन मिनिटं पुरे. दोन खोल्यांच्या घरात माइक नको. त्याचा आवाज घुमतो आणि मागच्यांना शब्द कळत नाहीत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभं राहिलं की आत राबणाऱ्या बायकांनाही ऐकू जातं.

परके आधी, आपले शेवटी

सभेत अध्यक्षांपासून सुरुवात करतात. घरात तसं केलं की मोठे साहेब आणि नगरसेवक यांच्यातच वेळ जातो आणि गवंडी राहून जातो. म्हणून ज्यांचं आपल्याशी नातं नव्हतं, त्यांना आधी घ्यावं: गुरुजी, कारागीर, नवे शेजारी, मग जुने शेजारी. नातेवाईक शेवटी.

खरी अडचण नातेवाइकांचीच असते. आपल्याकडे सख्ख्या भावाला "मी तुझा आभारी आहे" म्हटलं तर तो दुखावतो, परकं केलं असं त्याला वाटतं. त्यावर "आभार मानून परकं करणार नाही, ऋणातच राहीन" हे वाक्य ठरलेलं असतं, पण ते इतक्यांदा ऐकलेलं असतं की कुणाच्या कानात शिरत नाही. त्यापेक्षा भावाने काय केलं ते नुसतं सांगावं. "आभार" हा शब्द न उच्चारताही ते पोचतं.

एक नमुना

समजा, तिसऱ्या मजल्यावरचं घर आहे. पावसाळ्यात बाथरूमची भिंत झिरपत होती, ती फरशी उखडून पुन्हा केली. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. यजमान असं बोलू शकतील:

"गुरुजी, आज तुम्ही प्रत्येक विधीचा अर्थ सांगत गेलात, म्हणून मुलंही शेवटपर्यंत बसली. तुम्हाला नमस्कार. आमच्या बाथरूमची फरशी ज्यांनी दोनदा बसवली ते दारात उभे आहेत. भाईसाब, आपने दूसरी बार मज़दूरी नहीं ली, हम याद रखेंगे. समोरच्या काकू, सामान चढवताना लिफ्ट बंद पडली तेव्हा तुम्ही न मागता सगळ्यांना चहा दिलात, आमची ओळख तिथेच झाली. अणुशक्तीनगरचे आमचे शेजारी आले आहेत. बावीस वर्षं आमच्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे होती, या घराचीही त्यांच्याकडेच राहील. दादाने डाउन पेमेंट कमी पडलं तेव्हा स्वतःची एफडी मोडली आणि वहिनीने एका शब्दाने विचारलं नाही. आईने आज दूध उतू घातलं. बाबांची खुर्ची खिडकीशी ठेवली आहे. आता पानं वाढली आहेत, सावकाश जेवा."

यात एकही पदवी नाही आणि प्रत्येकासमोर एक काम आहे. फरशीवाल्याला समजेल त्या भाषेत एक वाक्य आलं. ट्रॉम्ब्यासारख्या अनेक भाषांच्या वस्तीत हे मुद्दाम करावं. दादाच्या एफडीचा उल्लेख मात्र त्याला आदल्या दिवशी विचारूनच करायचा, आणि रक्कम कधीच सांगायची नाही.

कुठे बिनसतं

सर्वांत जास्त घोटाळा नावांच्या यादीने होतो. पंधरा नावं घेतली की सोळावा माणूस मोजत बसतो. चार-पाच कामं सांगितली तर कुणी यादी करत नाही, कारण ती यादी वाटतच नाही. तरी सासरमाहेरचा तोल पाहावा. पत्नीच्या माहेरचा उल्लेख राहिला की तो त्या दिवशी कुणी बोलून दाखवत नाही, पण पुढे वर्षानुवर्षं निघतो. म्हणून आदल्या रात्री दोघांनी मिळून कागदावर फक्त कामं लिहावीत, "किल्ली, चहा, फरशी" अशी, आणि तिने वाचून काय सुटलं ते सांगावं.

दुसरं, बिल्डरने ताबा उशिरा दिला, कर्जाचा हप्ता वाढला, हे त्या वेळी काढू नये. वास्तुपुरुष "तथास्तु" म्हणतो अशी आपल्याकडे समजूत आहे. ती मानणारी आजी समोरच बसलेली असते आणि असं काही कानावर पडलं की तिचा चेहरा पडतो.

आवाज भरून आला तर थांबावं, पाणी प्यावं. वडिलांविषयीचं वाक्य म्हणूनच शेवटी आणि सर्वांत लहान ठेवायचं. ते सगळ्यांत आधी घेतलं, तर पुढचं बोलणं होत नाही आणि फरशीवाला, काकू, दादा सगळे राहून जातात.